दोन टोळ्या एकत्र आल्या तर

शेजारच्या वर्गावर बदली तास होता. फळ्यावर अपूर्णांकांची दहा गणितं आधीच लिहिलेली होती, पोरं खाली माना घालून ती सोडवत होती आणि मी बाकांमधून फिरत होते. पावसाळ्याचे दिवस, खिडक्या लावून घेतलेल्या, त्यामुळे ओल्या दप्तरांचा आणि खडूचा एकत्र वास वर्गात भरून राहिला होता. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीची दहाही उत्तरं लिहून झालेली मला दिसली, आणि बरोबर होती. पण ती थांबली नव्हती. खोडरबर घेऊन शेवटची तीन उत्तरं पुसत होती. पुसून झाली, फुंकर मारली, आणि पुन्हा तीच तीन उत्तरं सावकाश, वळणदार अक्षरात लिहायला लागली. मी वाकून हळूच विचारलं, "बरोबर होती की गं, पुसलीस का?" तिने आधी इकडेतिकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "लवकर झालं की अजून दहा मिळतात."

हे वाक्य माझ्यासोबत घरी आलं. त्यात तक्रार नव्हती, तिने हिशेब सांगितला होता. वेगाने काम केलं की तेच काम पुन्हा पदरात पडतं, मग वेग दाखवायचा कशाला? मोठ्या माणसांच्या कचेरीत हे शहाणपण रुजायला वर्षं जातात. पाचवीच्या मुलीला ते आत्ताच आलं होतं, आणि ते गणिताच्या तासाला आलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं.

मी स्वतः द्विशिक्षकी शाळेत शिकले. एका खोलीत तिसरी आणि चौथी, मध्ये भिंत नाही, फळ्याच्या मधोमध खडूने ओढलेली एक उभी रेघ. गुरुजी आमच्याकडे तोंड करून बोलायचे तेव्हा चौथीची मुलं लिहीत असायची, आणि ते तिकडे वळले की आम्ही. माझी गणितं लवकर व्हायची आणि मग कान आपोआप रेघेच्या पलीकडे जायचा. तिसरीत असताना मला चौथीचा भागाकार नुसता ऐकून यायला लागला होता. घरी सगळ्यांना त्याचं कौतुक. आज शिक्षिका म्हणून त्याकडे पाहते तेव्हा दोन गोष्टी एकदम मनात येतात. एक म्हणजे त्या खोलीने मला रिकामं बसू दिलं नाही, याची कृतज्ञता. दुसरी अशी की मला जे मिळालं ते सगळं 'पुढचं' होतं, 'खोल' काहीच नव्हतं. चौथीत गेल्यावर वर्षभर मी तेच सगळं पुन्हा ऐकलं आणि भागाकार असाच का करायचा, हा प्रश्न मला कुणी विचारला नाही. मलाही तो पडला नाही, कारण येत तर होतं.

जलद शिकणाऱ्या मुलाला आपण सहसा तीनच गोष्टी देतो. तशीच आणखी गणितं देतो, पुढचा धडा देतो, नाहीतर शेजारच्याला शिकवायचं काम देतो. पहिलीचा परिणाम खोडरबरवाल्या मुलीने सांगितलाच. दुसरीने आजचा कंटाळा फक्त पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. तिसरी अधूनमधून चांगली आहे, समजावून सांगताना स्वतःचंही पक्कं होतं. पण रोज तेच झालं तर ते मूल स्वतः काही नवीन शिकायला शाळेत येतंय की नाही, हे विचारायला हवं. चौथी वाट आहे तोच धडा, तीच कल्पना, पण अधिक खाली उतरलेली. ती अवघड आहे, कारण तासाला उभं राहून ती सुचत नाही. आदल्या दिवशी टाचण काढतानाच ती बसवावी लागते.

म्हणून इथे एकाच टाचणाबद्दल लिहिते. पाचवी, अपूर्णांकांचा लहानमोठेपणा, पस्तिसेक मुलांचा वर्ग, आणि त्याच एका धड्यावर तीन पातळ्यांची तीन कामं.

टाचणाची सुरुवात मी सर्वांत वरच्या कामापासून करते. ऐकायला उलटं वाटतं, पण कारण आहे. सोपं काम आधी लिहिलं की वरचं काम 'त्याच्याहून अवघड' एवढंच राहतं, म्हणजे मोठे आकडे आणि चार-चार अंकी छेद. वरचं काम आधी शोधायला गेलं की आधी ठरवावं लागतं की या धड्यात खरोखर खोल काय आहे. अपूर्णांकांच्या लहानमोठेपणात छेद समान करणं ही फक्त रीत झाली. खोल गोष्ट अशी आहे, की अपूर्णांक ही वाटणी आहे आणि त्यातले दोन आकडे सुटे वाचायचे नसतात. १/७ हा १/४ पेक्षा मोठा म्हणणारं मूल ७ आणि ४ सुटे वाचत असतं. आणि पुढच्या धड्यात १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारं मूलही तेच करत असतं. ही दुसरी चूक मी इतक्या वह्यांत पाहिली आहे की तिच्याकडे पाहताना मला वाटायला लागलं, इतकी मुलं ज्या वाटेने जातात तिथे काहीतरी असणारच. २/५ ही बेरीज नाही, मग काय आहे?

तर ते हे आहे. समजा दोन मुलांच्या टोळीकडे चिक्कीची एक लांब पट्टी आहे आणि तीन मुलांच्या टोळीकडे तशीच एक. पहिल्या टोळीत प्रत्येकाला १/२, दुसरीत १/३. आता दोन्ही टोळ्या एकत्र आल्या. मुलं पाच, चिक्क्या दोन. प्रत्येकाला २/५. वरचे आकडे मिळवायचे आणि खालचे मिळवायचे, हे म्हणजे बेरीज नसून टोळ्या एकत्र करणं आहे, आणि येणारं उत्तर नेहमी दोन्ही अपूर्णांकांच्या मधे पडतं. गणितात याला जुना इतिहास आहे. जॉन फॅरी नावाच्या एका इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञाने १८१६ साली असं एक निरीक्षण छापलं होतं: ठरावीक संख्येपर्यंतचे छेद घेऊन सगळे अपूर्णांक चढत्या क्रमाने मांडले, की मधला प्रत्येक अपूर्णांक हा त्याच्या दोन शेजाऱ्यांचे अंश आणि छेद मिळवून येतो. सिद्धता त्याने दिली नव्हती, ती त्याच वर्षी फ्रेंच गणिती कोशीने दिली. हे मला सापडलं त्या रात्री मी वहीच्या मागच्या पानावर ५ पर्यंतचे छेद घेऊन रांग मांडून पाहिली: १/५, १/४, १/३, २/५, १/२, ३/५, २/३, ३/४, ४/५. कुठलाही घ्या. १/४ चे शेजारी १/५ आणि १/३, मिळवले तर २/८, म्हणजे १/४च. २/३ चे शेजारी ३/५ आणि ३/४, मिळवले तर ६/९. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि मी एकेक शेजारी तपासत बसले होते.

वरचं काम सापडलं, आणि त्याबरोबर सगळ्या वर्गाचं उदाहरणही: चिक्की आणि टोळी.

आता खालचं. तासाच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीआधी पाच मिनिटांत मुलांकडून एक चिठ्ठी लिहून घेते. तिच्यावर दोनच प्रश्न: १/४ आणि १/७ यांत मोठा कोणता, आणि ५/६ आणि ७/८ यांत मोठा कोणता. दोन्हींखाली 'कशावरून?' लिहायला चार बोटं जागा. गुण नाहीत, नाव कोपऱ्यात. संध्याकाळी या चिठ्ठ्यांचे ढीग करायला अर्धा तास लागतो, आणि पूर्ण तयारीत मला सर्वांत जास्त शिकवतो तो हाच अर्धा तास. पहिल्या ढिगात '७ मोठा म्हणून १/७ मोठा' लिहिणारी मुलं. दुसऱ्यात पहिला प्रश्न जमलेली, पण दुसऱ्याला 'दोन्ही सारखे, दोन्हींत एकच कमी आहे' असं म्हणणारी. हे उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात विचार आहे. फक्त तो 'एक' किती मोठा आहे हे अजून पाहिलेलं नाही. तिसऱ्या ढिगात थोडी मुलं, ज्यांनी लिहिलं असतं की ५/६ ला १/६ कमी पडतो, ७/८ ला १/८ कमी पडतो, कमी पडणारा तुकडा लहान म्हणून ७/८ मोठा.

आणि एक चौथा ढीग निघतो, त्याच्यापाशी थांबायला हवं. पाच आठे चाळीस, सात सख बेचाळीस, म्हणून ७/८ मोठा. उत्तर बरोबर, 'कशावरून'च्या जागेत तिरकस गुणाकाराच्या दोन रेघा. ही मुलं बहुतेक शिष्यवृत्तीच्या शिकवणीला जातात, वर्गात सर्वांआधी हात वर करतात आणि सगळे त्यांना हुशार म्हणतात. मी त्यांना बोलावून विचारते, "चाळीस काय आणि बेचाळीस काय?" ती माझ्या तोंडाकडे पाहतात. ते ४०/४८ आणि ४२/४८ आहेत, अठ्ठेचाळीस सारख्या तुकड्यांतले चाळीस आणि बेचाळीस आहेत, हे रीत शिकवताना गळून गेलेलं असतं. या मुलांना मी तिसऱ्या कामावर बसवत नाही, दुसऱ्यावर बसवते. हाताचा वेग आणि समजेची खोली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तीन पातळ्यांचा तास फसतो तो मुख्यतः इथेच. जलद मुलं कोण हे आपण आधीच मनात ठरवून बसलेलो असतो. चिठ्ठीने मला दर वेळी एखादं असं मूल दाखवलंय जे कधी हात वर करत नाही, संथ लिहितं, पण 'कशावरून'च्या जागेत चित्र काढून अचूक कारण देतं. तिसरं काम त्याचं.

ढीग त्या दिवसापुरते असतात. ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही, दिसावी लागते. गटांना अ, ब, क म्हणा की गुलाब, मोगरा, जाई म्हणा, कुठला गट 'ढ' मुलांचा हे पोरं दोन मिनिटांत ओळखतात. मी नावंच देत नाही. कामाची कार्डं असतात, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली, आणि प्रत्येकाच्या बाकावर त्याचं कार्ड ठेवलेलं. मागच्या आठवड्यात भूमितीच्या तासाला जो मुलगा तिसऱ्या कार्डावर होता तो आज पहिल्यावर असतो, हे चार-पाचदा घडलं की कार्डाचा मुलाच्या नावाशी असलेला संबंध सैल होतो. पूर्ण सुटत नाही. तेवढं खरं सांगायला हवं.

तासिका चाळीस मिनिटांची. पहिली आठ मिनिटं सगळ्यांची एकत्र. फळ्यावर दोन टोळ्या काढायच्या, दोघांची आणि तिघांची, प्रत्येकीकडे एक चिक्की, आणि विचारायचं, कुठल्या टोळीत जाऊन बसाल? सगळा वर्ग ओरडतो, "दोघांच्या!" म्हणजे १/७ मोठा म्हणणाऱ्या मुलांनाही चिक्की कुठे जास्त मिळते हे पक्कं कळतं. त्यांचं कळणं आणि त्यांचं अपूर्णांक वाचणं यांची अजून गाठ पडलेली नाही, एवढंच. फळ्यावर टोळीशेजारी १/२ आणि १/३ लिहिलं, की सगळ्यांचं सुरुवातीचं ठिकाण एक होतं. मग कार्डं.

पहिल्या कार्डाबरोबर वर्तमानपत्राच्या लांब पट्ट्या, प्रत्येक बरोबर ३० सेंटिमीटर. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. एक तर पोरांच्या दप्तरातली फूटपट्टी तेवढीच असते. दुसरं म्हणजे ३० चे २, ३, ५, ६ आणि १० भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात: १५, १०, ६, ५ आणि ३. चतुर्थांश मात्र साडेसात येतो, म्हणून १/४ या कार्डावर घ्यायचा नाही. साडेसात मोजताना मूल अपूर्णांक विसरतं आणि फूटपट्टीतच अडकतं. काम असं: एक चिक्की दोघांत, तिघांत, पाच जणांत, सहा जणांत वाटा, एकाचा वाटा कापून वहीत खालीवर चिकटवा, मोठ्यापासून लहानापर्यंत. मग न कापता सांगा, दहा जणांत वाटली तर किती लांब तुकडा येईल? अंदाज आधी लिहा, मग मोजा. शेवटी २/३ आणि २/५ यांत मोठा कोणता? कात्रीचा आवाज, डिंकाचा वास आणि तुकडे क्रमाने चिकटवताना होणारी ती पायरी, तिच्यावरून बोट फिरवणारी मुलं. छेद वाढतो तसा तुकडा आखडत जातो, हे त्यांच्या बोटांना कळलेलं असतं.

दुसऱ्या कार्डावर २/३ आणि ३/५. पट्टीवर मोजलं तर २० आणि १८, सहज होतं. पुढचा प्रश्न ४/९ आणि ३/५, आणि तिथे पट्टी चालत नाही, कारण ३० चे नऊ सारखे भाग फूटपट्टीवर पडत नाहीत. तिथे एकच सूचना: 'दोघांनाही अर्ध्याशेजारी उभं करून बघा.' एक अर्ध्याच्या खाली, एक वर, मोजायची गरजच नाही. मग चिठ्ठीतलेच ५/६ आणि ७/८. तिरकस गुणाकारवाल्या मुलांसाठी कार्डाच्या तळाशी एक ओळ आहे: गुणाकार न करता वर्गाला पटवा. ही ओळ त्यांना पहिल्यांदा अन्यायाची वाटते. एक मुलगा मला म्हणाला होता, "बाई, रीत येत असताना का नाही वापरायची?" प्रश्न रास्त होता. मी त्याला सांगितलं, "वापर, पण आधी ती का चालते ते मला चिक्कीत सांग." पंधरा मिनिटं तो पेन्सिल चावत होता. शेवटी त्याने दोन पट्ट्यांचे अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस तुकडे वहीत चौकटी मोजून काढले आणि चाळीस चौकटी रंगवल्या. वेळ संपला तेव्हा बेचाळीसपैकी थोड्याच उरल्या होत्या आणि तो मधल्या सुट्टीत रंगवत बसला.

तिसरं कार्ड लिहायला मला बाकीच्या दोघांपेक्षा जास्त वेळ लागतो, आणि त्याचं कारण व्यवहाराचं आहे. वर्गात बाई एकच असते. कार्डं वाटल्यावर पहिली दहाबारा मिनिटं मी पहिल्या कार्डाजवळ असणार, तिथे मोजायला, कापायला, बोलायला मी लागते. म्हणजे तिसरं कार्ड माझ्याशिवाय सुरू झालं पाहिजे. पहिली ओळ कुणालाही जमेल अशी आणि शेवटची ओळ त्या तासात कदाचित कुणालाच पूर्ण होणार नाही अशी. शब्द थोडे, कारण चांगला विचार करणारं मूल चांगलं वाचणारं असेलच असं नाही. कार्ड असं आहे: 'फळ्यावरच्या दोन टोळ्या एकत्र आल्या. आता एकाला किती? कुणाचा फायदा, कुणाचा तोटा? आणखी टोळ्या घेऊन बघा. नवा वाटा जुन्या दोन वाट्यांच्या मधे पडत नाही, अशी जोडी शोधा. नाही सापडली तर का नाही ते सांगा.'

चौथी ओळ महत्त्वाची. 'नेहमी मधे पडतो हे दाखवा' असं लिहिलं तर मुलं पाच जोड्या करतात, सगळ्या मधे पडतात, काम झालं म्हणून वही मिटतात. 'मोडून दाखवा' म्हटलं की ती खरी हुंदडायला लागतात. कुणीतरी १/२ आणि २/४ घेतं, ३/६ येतो, सगळे तिथल्या तिथे, "बाई, मोडलं!" मग त्यांच्यात वाद, दोन्ही टोळ्यांना आधीच सारखं मिळत होतं, हे मोडणं धरायचं का? मी दुरून ऐकत असते आणि मुद्दाम जात नाही. 'का' इथपर्यंत येणारी मुलं बहुधा सेंटिमीटरमध्ये येतात. दोघांकडे १५-१५, तिघांकडे १०-१०, एकूण ६०, पाच जणांना १२-१२. दोघांनी प्रत्येकी ३ दिले, म्हणजे ६. तिघांना प्रत्येकी २ मिळाले, तेही ६. एका मुलाने ते असं सांगितलं होतं: "ज्याच्याकडे जास्त आहे तो देणार. देऊन देऊन तो खाली येणार, पण घेणाऱ्याच्या खाली कसा जाईल, शेवटी सगळ्यांना सारखंच आहे ना!" पाचवीच्या मुलाकडून याहून चांगली सिद्धता मला नको आहे.

हे काम खोल गेलं की वरवर झालं, हे ओळखायची माझी खूण म्हणजे मुलांचे प्रश्न. नुसत्या जोड्यांवर जोड्या लिहिलेल्या वहीत प्रश्न नसतो. एका वर्षी एक मुलगी वही घेऊन माझ्याकडे आली, कपाळाला आठ्या. तिने १/२ आणि १/३ एकत्र केले होते, २/५. मग १/२ च्या जागी २/४ घेऊन १/३ शी एकत्र केले, ३/७. "बाई, अर्धा तोच आहे ना? मग उत्तर बदललं कसं?" मी तिला तिथेच खाली बसवलं आणि मीही बसले. दोन चिक्क्या चौघांत, ही टोळी मोठी. चार जण देणारे, तीन जण घेणारे. प्रत्येकाला जवळजवळ तेरा सेंटिमीटर, म्हणजे वाटा अर्ध्याकडे जास्त सरकला. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे ही बेरीज नाही. बेरीज असती तर बदललीच नसती." सममूल्य अपूर्णांक घेतला तरी बेरीज बदलता कामा नये, हे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, आणि बेरजेचा धडा अजून सुरूही झाला नव्हता.

शेवटची दहा मिनिटं पुन्हा सगळ्यांची. इथे तीन कार्डं एकमेकांना भेटली नाहीत, तर एका खोलीत तीन वर्ग भरले असंच म्हणावं लागेल. मी फळ्यावर लिहिते: १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५. बरोबर की चूक? तिसऱ्या कार्डावरची मुलं हे कशाचं उत्तर आहे ते ओळखतात आणि सांगतात, ही टोळ्या एकत्र केल्याची गोष्ट आहे. पण ती बेरीज नाही हे वर्गाला पटवायचं कशाने? पट्ट्या पहिल्या कार्डाकडे आहेत. एक मुलगा अर्ध्याची पट्टी घेऊन पुढे येतो, दुसरी मुलगी तृतीयांशाची, दोघं फळ्यावर टोकाला टोक लावतात: १५ आणि १०, पंचवीस सेंटिमीटर. मग कुणीतरी २/५ मोजून धरतं, बारा. बारा तर नुसत्या अर्ध्याहूनही लहान! दुसऱ्या कार्डवाल्यांतून आवाज येतो, "२/५ अर्ध्याच्या खाली आहे, बेरीज खाली कशी जाईल?" हा निकाल तिन्ही कार्डांनी मिळून दिलेला असतो. आणि पट्टी धरणारी मुलं ती असतात ज्यांनी काल १/७ मोठा लिहिलं होतं. त्यांच्या हातातल्या तुकड्याशिवाय हुशार मुलांचा मुद्दा पुढे जात नव्हता. तो क्षण मला दर वेळी पुरतो.

असा तास रोज घेता येत नाही, हेही लिहायला हवं. चिठ्ठी, ढीग, कार्डं, पट्ट्या मिळून दोन संध्याकाळी जातात, आणि मतदारयाद्या, ऑनलाइन माहित्या, पोषण आहाराचे हिशेब हेही त्याच संध्याकाळींत असतात. मी प्रत्येक प्रकरणात एकच असा तास बसवते, जिथे प्रकरणाचा गाभा आहे तिथे. बाकीचे तास साधे. वाचन आणि अंकज्ञान कच्चं असलेल्या मुलांसाठी इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करण्याचं काम 'प्रथम' संस्थेने वर्षानुवर्षं केलं आहे, आणि ज्या मुलाला अजून दोन अंकी वजाबाकी येत नाही त्याला ते लागतंच, माझं पहिलं कार्ड त्याला पुरत नाही. त्याच्यासाठी वेगळा वेळ काढावा लागतो आणि तो दर वेळी निघत नाही. याची टोचणी असते.

कार्ड संपलं की पुढचं घ्यायला माझी परवानगी लागत नाही, ते टेबलावरून उचलायचं. बहुतेक मुलं उचलत नाहीत, काही उचलतात. 'अजून दहा' मात्र या वर्गात कुणाला मिळत नाहीत.

तासानंतर पुन्हा एक चिठ्ठी घेते, एकच प्रश्न असलेली: २/७ आणि २/९ यांत मोठा कोणता, कशावरून? आणि खाली एक मोकळी ओळ, आज पडलेला प्रश्न लिहायला. ती ओळ बरीच मुलं कोरी सोडतात. या वर्षी एका मुलाने तिथे लिहिलं, 'एक चिक्की आहे पण टोळीत कोणीच नाही. ती टोळी दोघांच्या टोळीला मिळाली तर?' मी ते स्टाफरूममध्ये चहा घेताना वाचलं आणि कप खाली ठेवला. एक छेद शून्य, आणि १/२ शी एकत्र केला तर २/२, प्रत्येकाला अख्खी चिक्की. त्या रिकाम्या टोळीतल्या एकाचा वाटा किती, हे विचारायला तिथे कोणी माणूसच नाही. तरी टोळ्या एकत्र करणं मात्र चालतं. शून्याने भाग का देत नाहीत याचं 'देत नाहीत म्हणून देत नाहीत' याच्या पुढचं उत्तर या प्रश्नातून निघू शकतं. त्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं की त्याचा प्रश्न भागाकाराच्या प्रकरणातल्या तिसऱ्या कार्डाची पहिली ओळ होणार आहे. त्याने विचारलं, "मग मला कुठलं कार्ड मिळणार?" ते चिठ्ठी बघून ठरेल, असं मी म्हणाले.